लाल वर्तुळावर आलेले केस : चिन्ह बदलताना चॅनेलमधून मास्क कसा काढावा

प्रश्न : छायाचित्रात एक स्त्री पांढऱ्या भिंतीसमोर उभी आहे. भिंतीवर लाल वर्तुळाचे जुने चिन्ह आहे आणि तिच्या मोकळ्या काळ्या केसांचा बराच भाग त्याच्यावर आला आहे. तिथे गडद निळ्या रंगाचे, थोडे मोठे नवे चिन्ह बसवायचे आहे. मी फोटोशॉपमध्ये केस निवडले, पण एकतर बटा कापल्यासारख्या दिसतात, नाहीतर कडांना लाल झाक राहते. चॅनेल वापरून हे नीट कसे करावे?

उत्तर : आपल्याला दिसलेले दोन दोष दोन वेगळ्या कारणांनी येतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बटा कापल्यासारख्या दिसणे हा मास्कच्या आकाराचा दोष आहे, तर लाल झाक हा त्या पिक्सेलमधल्या रंगाचा दोष आहे. केसाच्या कडेचा पिक्सेल कॅमेऱ्यानेच अर्धा केस आणि अर्धे लाल वर्तुळ असा मिसळून टिपलेला असतो, त्यामुळे मास्क अगदी अचूक झाला तरी तो पिक्सेल लालसरच राहतो. ही झाक घालवण्यासाठी मास्क आत ढकलला की बारीक केस कापले जातात. म्हणून आधी फक्त आकाराचा विचार करून मास्क पूर्ण करावा, आणि रंगाची दुरुस्ती त्यानंतर वेगळ्या लेयरवर करावी. पहिल्या टप्प्यात दिसणाऱ्या लाल झाकेकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष करावे.

चॅनेल निवडताना सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की तिन्ही चॅनेल पाहावेत आणि ज्यात केस सर्वांत उठून दिसतात तो घ्यावा. आपल्या प्रसंगात हा सल्ला पुरेसा नाही, कारण केसांच्या मागे एक नव्हे तर दोन पार्श्वभूमी आहेत. आपल्याला असा चॅनेल हवा ज्यात जुने चिन्हच नाहीसे होते, म्हणजे वर्तुळ आणि भिंत दोन्ही उजळ दिसतात आणि केस तेवढे गडद राहतात. लाल वर्तुळासाठी तो लाल चॅनेल होय. समजा, वर्तुळाच्या रंगाची मूल्ये लाल २०५, हिरवा ३५ आणि निळा ४० अशी आहेत, भिंत साधारण २४० आहे आणि केस लाल ४०, हिरवा ३०, निळा २६ असे आहेत. हिरव्या चॅनेलमध्ये वर्तुळ ३५ आणि केस ३०, म्हणजे दोन्ही जवळजवळ काळे, आणि केस वर्तुळात शिरतात तिथे त्यांचा मागमूसही उरत नाही. निळ्या चॅनेलमध्येही तीच अवस्था. लाल चॅनेलमध्ये मात्र वर्तुळ २०५, भिंत २४० आणि केस ४०, असे स्वच्छ अंतर मिळते. केवळ भिंतीपुढचे केस पाहून हिरवा चॅनेल निवडणे ही इथली सर्वांत सोपी चूक आहे, कारण भिंतीपुढे तो खरोखरच सुरेख दिसतो.

चिन्हातली पांढरी अक्षरे तिन्ही चॅनेलमध्ये उजळ असतात, त्यांची काळजी नको. चिन्हात लाल रंगाबरोबर भडक निळा पट्टाही असेल तर मात्र एक चॅनेल पुरणार नाही, कारण तो पट्टा लाल चॅनेलमध्ये काळा पडतो. अशा वेळी Image > Calculations उघडून पहिल्या स्रोतात Red, दुसऱ्यात Blue, Blending मध्ये Lighten आणि Result मध्ये New Channel ठेवावे. Lighten प्रत्येक पिक्सेलसाठी दोहोंतले मोठे मूल्य घेते. लाल भाग लाल चॅनेलमुळे उजळतो, निळा पट्टा निळ्या चॅनेलमुळे उजळतो, आणि केस दोन्हींत गडद असल्यामुळे गडदच राहतात.

काम सुरू करण्यापूर्वी फाइल तपासावी. शक्य असेल तर कॅमेऱ्याच्या रॉ फाइलपासून १६ बिटची आरजीबी प्रत काढून घ्यावी. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी रेझोल्यूशनने साठवलेली असते, आणि भडक लाल व काळे जिथे शेजारी येतात तिथे तो तोटा सर्वाधिक जाणवतो. लाल चॅनेल एकटा उघडून २०० टक्क्यांवर पाहावा. केसांच्या कडेला चौकोनी ठोकळे किंवा केसाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली करडी धूळ दिसली, तर त्या फाइलमधून बारीक केस मिळणार नाहीत आणि मूळ फाइल मागवणेच योग्य. छपाईसाठी सीएमवायकेमध्ये रूपांतरित केलेली फाइल आली असेल तर मास्कसाठी तिची आरजीबी आवृत्ती मागावी, कारण सीएमवायकेच्या चॅनेलमध्ये शाईचे प्रमाण असते आणि गडद भागाची विभागणी काळ्या शाईकडे वळलेली असते.

आता प्रत्यक्ष काम. Channels पॅनेलमध्ये लाल चॅनेल नव्या चॅनेलच्या चिन्हावर ओढून त्याची प्रत करावी. मूळ लाल चॅनेलला हात लावू नये, कारण तो बदलला की छायाचित्राचा रंगच बदलतो. अशा दोन प्रती कराव्यात आणि त्यांना ‘केस-वर्तुळ’ व ‘केस-भिंत’ अशी नावे द्यावीत. दोन कशासाठी, हे या उत्तरातले सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

मास्कमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी एकच गोष्ट साठवायची असते : या पिक्सेलचा किती हिस्सा केसाने व्यापला आहे. पार्श्वभूमीचे मूल्य B, केसाचे मूल्य F आणि त्या पिक्सेलमध्ये प्रत्यक्ष मिळालेले मूल्य C धरले, तर हा हिस्सा असा निघतो :

```
alpha = (B - C) / (B - F)
```

Levels मध्ये काळे टोक F वर आणि पांढरे टोक B वर ठेवणे म्हणजे नेमके हेच गणित करणे होय. पण आपल्याकडे B दोन आहेत, २०५ आणि २४०. एकाच प्रतीवर काळे टोक ४० आणि पांढरे टोक २०५ ठेवले, तर वर्तुळापुरते उत्तर बरोबर येते आणि भिंतीपुढचे केस झिजतात. भिंतीपुढच्या एका पिक्सेलमध्ये ३० टक्के केस आहे असे समजा. त्याचे मूल्य सुमारे १८० असेल. वरच्या टोकांनी त्याचा हिस्सा ३० ऐवजी १५ टक्के निघतो. ज्या पिक्सेलमध्ये केस १५ टक्केच आहे त्याचे मूल्य २१० असते, ते २०५ च्या पलीकडे गेल्यामुळे तो केस पूर्ण नाहीसा होतो. उलट पांढरे टोक २४० वर ठेवले तर भिंतीपुढचे केस जपले जातात, पण वर्तुळाचा सगळा भाग सुमारे १७ टक्के केस म्हणून मोजला जातो आणि जुन्या लाल रंगाचा पातळ पडदा नव्या चिन्हावर तसाच राहतो. आपल्याला दिसलेले दोन दोष बहुतेक याच ओढाताणीतून आले असावेत. ओळखण्याची खूण सोपी आहे : वर्तुळाची कड ओलांडून बाहेर येणारी एखादी बट पाहावी. ती कडेवर अचानक बारीक होत असेल किंवा तुटत असेल, तर दोन पार्श्वभूमींसाठी एकच Levels वापरले गेले आहे.

म्हणून ‘केस-वर्तुळ’ या प्रतीवर Ctrl+L ने काळे टोक ४० आणि पांढरे टोक २०५ च्या किंचित खाली, समजा २००, ठेवावे, आणि ‘केस-भिंत’ या प्रतीवर काळे टोक तेच, पांढरे टोक सुमारे २३५. चार-पाच अंक खाली येण्याचे कारण कॅमेऱ्याचा दाणा. पार्श्वभूमीची मूल्ये सरासरीच्या वर-खाली हलत असतात आणि टोक बरोबर सरासरीवर ठेवले तर निम्मे दाणे मास्कमध्ये करड्या ठिपक्यांच्या रूपाने उतरतात. ही मूल्ये मूळ चित्रावरून मोजावीत, त्यासाठी आयड्रॉपरचा नमुना ५ बाय ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवावा. एकाच पिक्सेलचे वाचन दाण्यामुळे फसवे निघते.

मधला स्लायडर सुरुवातीला १.०० वरच ठेवावा. वरचे गणित मी साध्या सरासरीने केले आहे. प्रत्यक्षात लेन्समध्ये प्रकाश मिसळतो आणि फाइलमधली मूल्ये गॅमाच्या वक्रानंतरची असतात, त्यामुळे उजळ पार्श्वभूमीवरचा काळा केस मास्कमध्ये खऱ्यापेक्षा थोडा विरळ निघतो. नवी पार्श्वभूमी उजळच असती तर हा फरक आपोआप जिरून गेला असता. आपले नवे चिन्ह गडद निळे आहे, म्हणून सगळे बसवून झाल्यावर केस विरळ वाटले तर मधला स्लायडर ०.८ ते ०.९ पर्यंत आणावा, त्याने मधले करडे केसाकडे झुकतात. सगळे जोडून झाल्यावर हे करायचे असल्याने, उलटवण्यापूर्वीच्या चॅनेलची एक प्रत जपून ठेवावी.

काळे टोक वाढवून केस ‘भरून’ काढण्याचा मोह मात्र टाळावा. केसांवर प्रकाशाची चमक असते आणि तिथे लाल चॅनेलमध्ये मूल्य १२० पर्यंत जाऊ शकते. ते गणितात अर्धपारदर्शक ठरते आणि डोक्याच्या मध्यभागी मास्कला भोके पडल्यासारखी दिसतात. ती बुजवण्यासाठी काळे टोक ११० वर नेले, तर वर्तुळापुढचा अर्धा केस असलेला पिक्सेल, ज्याचे मूल्य सुमारे १२२ आहे, तो ८७ टक्के केस म्हणून मोजला जातो. परिणामी सगळे बारीक केस तारेसारखे जाड होतात. चमकेची जागा आत, डोक्याच्या भरीव भागात असेल तर तिथे काळ्या ब्रशने सरळ रंगवून टाकावे, त्यासाठी Levels ला हात लावण्याचे कारण नाही. चमक बाहेरच्या बटेवरच असेल तर बर्न टूल घेऊन Range मध्ये Shadows ठेवावे, Exposure दहा-पंधरा टक्क्यांपुरते मर्यादित करावे आणि बटेच्या दिशेने एक-दोन हलके हात फिरवावेत. Shadows वर ठेवल्यामुळे आधीच गडद असलेले केस अधिक गडद होतात आणि शेजारची पांढरी पार्श्वभूमी जवळजवळ हलत नाही. पार्श्वभूमीतला उरलेला करडेपणा घालवण्यासाठी याच्या उलट, डॉज टूल Highlights वर ठेवून वापरावे. Overlay मोडमधला मऊ ब्रशही हेच काम करतो, पण तो जरा वेगाने पुढे जातो, म्हणून त्याची अपारदर्शकता वीस टक्क्यांच्या वर नेऊ नये.

भिंतीवर उजेड एकसारखा नसेल तर आणखी एक पायरी लागते. खिडकीचा प्रकाश डावीकडून येत असेल तर वर्तुळ डावीकडे २०५ आणि उजवीकडे खाली, विशेषतः त्या स्त्रीची स्वतःची सावली पडते तिथे, १८० असू शकते. अशा ठिकाणी पांढरे टोक २०० वर ठेवले की सावलीचा सगळा भाग मास्कमध्ये करडा राहतो. हे डोळ्यांना पटकन दिसत नाही, म्हणून Image > Adjustments > Threshold उघडून स्लायडर १९५ च्या आसपास हलवून पाहावा. सावली जिथे आहे तो भाग अखंड काळा होताना दिसेल. मग Cancel करून बाहेर यावे, कारण Threshold इथे केवळ पाहण्यासाठी आहे. आता Levels लावण्यापूर्वी त्या भागाभोवती लॅसोने सिलेक्शन करावे, सावलीची कड जेवढी पसरट असेल तेवढी, म्हणजे मोठ्या फाइलमध्ये शंभर-दीडशे पिक्सेलची फेदर द्यावी आणि फक्त तेवढ्यात पांढरे टोक सुमारे २२४ वर आणावे. १८० चे मूल्य त्यामुळे २०५ च्या जवळ येते, आणि केसांचे ४० फक्त ४५ होते, म्हणून केसांच्या आकाराला धक्का लागत नाही. संपूर्ण वर्तुळ सपाट झाले की मगच मुख्य Levels.

दोन्ही प्रती तयार झाल्यावर त्या जोडायच्या. जुन्या वर्तुळाच्या कडेवर एलिप्स टूलने पाथ बसवावा. वर्तुळ कॅमेऱ्याच्या कोनामुळे थोडे लंबगोल झालेले असते, म्हणून पाथ ट्रान्सफॉर्म करून नेमका जुळवावा आणि त्याचे सिलेक्शन करावे. फेदर किती द्यायची हे जुन्या वर्तुळाच्या कडेवरूनच मोजावे : लाल ते पांढरा हा बदल तीन-चार पिक्सेलमध्ये होत असेल तर फेदर १ ते २ पिक्सेल पुरेशी आहे. सिलेक्शन चालू ठेवून ‘केस-भिंत’ चॅनेल निवडावा, Image > Apply Image मध्ये Channel म्हणून ‘केस-वर्तुळ’, Blending मध्ये Normal आणि Opacity १०० ठेवावी. सिलेक्शनच्या आतला भाग वर्तुळाच्या प्रतीतून येतो, बाहेरचा तसाच राहतो. आता कड ओलांडणाऱ्या तीन-चार बटा २०० टक्क्यांवर तपासाव्यात. जोडाच्या रेषेवर करडी कोर दिसली तर पाथ अर्धा-एक पिक्सेल सरकलेला आहे, तो दुरुस्त करून Apply Image पुन्हा करावे. ब्रशने ती कोर पुसण्यापेक्षा हे जलद होते आणि केसही शाबूत राहतात.

इथवर आपण फक्त केसांचाच विचार केला, आणि तो हेतुपूर्वक. लाल चॅनेलमध्ये त्वचा खूप उजळ असते, २१० किंवा त्याहून अधिक, त्यामुळे गाल, कान, मान आणि वर्तुळ एकमेकांत मिसळून जातात. त्वचेसाठी दुसरा चॅनेल शोधत बसू नये. त्वचेची आणि कपड्यांची कड स्पष्ट असते, ती पेन टूलने पाथ काढून अर्ध्या ते एका पिक्सेलच्या फेदरने घ्यावी आणि त्या भागात चॅनेल काळा भरावा. जिथे पाथ केसांत शिरतो, म्हणजे कानशिलापाशी आणि मानेजवळ, तिथे तो केसांच्या भरीव भागात आत संपवावा, कडेवर संपवू नये. मान आणि खांद्यावरच्या बटा यांच्यामध्ये लालसर फटी असतात, त्या भरून टाकल्या जात नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे. त्या फटींतून नवे चिन्ह दिसले पाहिजे, आणि तिथे जुने लाल राहिले तर पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते. शेवटी Ctrl+I ने चॅनेल उलटवावा, म्हणजे व्यक्ती पांढरी होते, त्याच्या थंबनेलवर Ctrl धरून क्लिक करावे आणि व्यक्तीच्या लेयरला मास्क द्यावा.

व्यक्तीच्या लेयरखाली आता स्वच्छ भिंत लागते. मूळ चित्राच्या प्रतीवर जुने वर्तुळ भिंतीच्या पोताने झाकून घ्यावे. व्यक्तीच्या पाठीमागचा भागही, निदान केसांच्या कडेपासून शंभरेक पिक्सेल आतपर्यंत, भिंतीने भरून काढावा. हे राहिले तर अर्धपारदर्शक केसांतून खालचे जुने केस आणि जुने लाल पुन्हा डोकावतात, आणि दोष मास्कचा आहे असे वाटून माणूस विनाकारण मास्क खरवडत बसतो. भिंतीवर नवे चिन्ह स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ठेवून जुन्या वर्तुळाच्याच लंबगोलाने त्याचा कोन जुळवावा.

आता रंग. गडद निळ्यावर जुनी लाल झाक पांढऱ्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त पेटून दिसते. शिवाय नवे चिन्ह मोठे असल्यामुळे पूर्वी भिंतीपुढे असलेले काही केस आता निळ्यापुढे आले आहेत, आणि त्यांच्या कडांना पांढरी कोर दिसेल. दोन्हींचा उपाय एकच आहे. व्यक्तीच्या लेयरवर नवा रिकामा लेयर घ्यावा, Ctrl+Alt+G ने तो खालच्या लेयरला क्लिप करावा आणि मोड Normal ठेवावा. मग कडेपासून दहा-पंधरा पिक्सेल आतल्या, शुद्ध केसाच्या भागातून आयड्रॉपरने रंग उचलून कडेच्या केसांवर मऊ ब्रशने रंगवावे. आकार मास्कमध्ये सुरक्षित असल्याने ब्रश रेषेबाहेर गेला तरी बिघडत नाही, रंग फक्त केसांच्या पिक्सेलमध्येच उतरतो. एकच रंग सगळीकडे फासला तर कडेचे केस सपाट, निर्जीव दिसतात, म्हणून उजेडाच्या बाजूने किंचित उजळ आणि सावलीच्या बाजूने गडद असे तीन-चार रंग घ्यावेत. क्लोन स्टँप Current & Below वर ठेवून आतल्या बटांचा पोत बाहेर ओढला तर आणखी चांगले होते.

या पद्धतीमागचे कारण समजून घेतले तर ब्रश चालवताना हात अडखळत नाही. मास्कने केसाचा हिस्सा अचूक मोजला आहे, तेव्हा त्या हिश्शात शुद्ध केसाचाच रंग असला पाहिजे, उरलेल्या हिश्शात नवी पार्श्वभूमी आपोआप येते. Select and Mask मधले Decontaminate Colors हेच काम स्वतःहून करू पाहते, आणि पार्श्वभूमी एकरंगी असेल तेव्हा ते चालूनही जाते. इथे लाल आणि पांढरे दोन्ही शेजारी असल्याने ते ठिपके-ठिपके असा रंग देते आणि लेयरचे पिक्सेलही बदलून टाकते. अशा कामात मी ते वापरत नाही. मोड Color ठेवून फक्त छटा बदलण्याचा मार्गही सुचवला जातो. तो लाल झाक घालवतो, पण वर्तुळाचा उजेड तसाच ठेवतो, आणि काळ्या केसांभोवती करडी धूसर कोर उरते. गडद चिन्हासाठी Normal हाच मोड योग्य.

नवे चिन्ह केसांमागे बसल्यासारखे वाटावे म्हणून दोन गोष्टी जुन्या चिन्हाकडूनच शिकाव्यात. पहिली, कडेचा मऊपणा : जुन्या वर्तुळाची कड तीन-चार पिक्सेलमध्ये विरत असेल आणि नव्याची एकाच पिक्सेलमध्ये संपत असेल, तर नवे चिन्ह व्यक्तीच्या पुढे आल्यासारखे भासते, मास्क निर्दोष असूनही. स्मार्ट ऑब्जेक्टवर गॉशियन ब्लर साधारण १ पिक्सेलपासून वाढवत जुन्या कडेशी जुळवावा. दुसरी, सावली : वर्तुळावर जी सावली आपण मास्कसाठी सपाट केली, ती नव्या चिन्हावर परत आणावी लागते. सुरुवातीच्या, अजून न छेडलेल्या लाल चॅनेलमध्ये तिचा आकार आणि खोली मोजता येते : २०५ वरून १८० म्हणजे सुमारे १२ टक्के घट. तेवढ्या घटीचा मऊ करडा डाग Multiply मोडमध्ये चिन्हावर ठेवावा. शेवटी छायाचित्रातल्या दाण्याएवढा थोडा नॉइज, कारण संगणकावर काढलेल्या चिन्हाचा सपाट रंग दाणेदार केसांशेजारी परका दिसतो.

तपासणीसाठी नव्या चिन्हावर विसंबू नये. व्यक्तीच्या लेयरखाली तात्पुरते तीन सपाट लेयर आळीपाळीने घालावेत : काळा, पांढरा आणि भडक हिरवा. काळ्यावर पांढरी आणि लाल कोर उघडी पडते. पांढऱ्यावर मास्कमध्ये राहिलेला पडदा दिसतो, म्हणजे जुन्या वर्तुळाचा फिकट गुलाबी आकार कुठे शिल्लक आहे का ते कळते. हिरव्यावर केसांमधल्या न उघडलेल्या फटी चटकन सापडतात. हे १०० टक्क्यांवर पाहावे. ४०० टक्क्यांवर पाहून केस कोरत बसल्यास छपाईत कधीच न दिसणाऱ्या गोष्टींवर वेळ जातो. काम पुरे झाले की चॅनेल पुसून टाकू नये, पीएसडी किंवा टिफमध्ये तो जपला जातो, आणि चिन्हाचा रंग पुन्हा बदलायचे ठरले तर फक्त खालचा लेयर आणि गरजेनुसार मधला स्लायडर बदलावा लागतो.

या पद्धतीची मर्यादाही सांगून ठेवतो. जुने चिन्ह काळे किंवा गडद करडे असते, तर केसांचे ४० आणि चिन्हाचे ५० असे दहा अंकांचे अंतर उरले असते, आणि कॅमेऱ्याचा दाणाच तीन-चार अंक हलतो. अशा वेळी कोणत्याही चॅनेलमध्ये, कोणत्याही Calculations मध्ये केसांचा आकार नसतो, कारण तो छायाचित्रातच टिपला गेलेला नाही. भिंतीपुढे आलेल्या केसांचा मास्क तेवढा चॅनेलमधून घ्यावा, आणि चिन्हापुढचे केस एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने, दिसणाऱ्या बटांच्या दिशा धरून, नव्याने काढावेत. नव्या चिन्हाचा गडद भाग नेमका त्या केसांमागे येईल अशी त्याची मांडणी करता आली तर काढावे लागणारे केस खूप कमी होतात. ही मांडणी मास्क सुरू करण्याआधी, चिन्ह देणाऱ्याशी बोलूनच ठरवावी लागते, म्हणून पहिल्याच दिवशी तिन्ही चॅनेल उघडून पाहावेत आणि त्यानंतरच कामाला किती वेळ लागेल ते कळवावे.